कंट्रोलरचं खोटं बोट

भाच्याच्या फोनला माझा जुना पीएस४ चा कंट्रोलर जोडून दिला. शेअर आणि मधलं पीएस अशी दोन बटणं एकत्र दाबून धरली, दिव्याची पट्टी भराभर लुकलुकायला लागली, ब्लूटूथच्या यादीत ‘Wireless Controller’ उमटलं, जोडलं. होम स्क्रीनवर दिशांची बटणं दाबली की आयकॉन एकामागून एक उजळत होते. मग त्याने आपला लाडका ऑफलाइन गेम उघडला आणि कंट्रोलर मुका झाला. “मामा, हा बिघडलाय!”

बिघडला नव्हता. होम स्क्रीनवर बटणं चालतात याचा अर्थ जोडणी ठीक आहे, गेमलाच कंट्रोलरची भाषा येत नाही. कंट्रोलरचं बटण दाबलं की अँड्रॉइड गेमला कळवतं, ‘अमुक बटण दाबलं.’ काचेवर बोट टेकलं की कळवतं, ‘अमुक ठिकाणी स्पर्श झाला.’ हे दोन वेगळे निरोप आहेत आणि या गेमच्या कर्त्यांनी फक्त दुसरा ऐकायची सोय केली होती.

तेव्हा मध्ये एक दुभाष्या हवा. बटण दाबलं की तो स्क्रीनच्या ठरलेल्या जागी खोटं बोट टेकवेल. मॅन्टिस गेमपॅड प्रो, पांडा गेमपॅड प्रो ही अ‍ॅप्स हेच करतात. पण एका अ‍ॅपने परस्पर दुसऱ्या अ‍ॅपवर बोट टेकवायला अँड्रॉइडची सक्त मनाई आहे, आणि ती रास्तच आहे. नाहीतर एखादं फुकट टॉर्चचं अ‍ॅप तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘पैसे पाठवा’ दाबून मोकळं होईल. ही परवानगी साध्या अ‍ॅपला मिळत नाही. मात्र डेव्हलपरांसाठी ठेवलेल्या ‘एडीबी’ या मागच्या दाराने आलेल्या प्रोग्रामला ती असते. म्हणून ही अ‍ॅप्स आधी तुम्हाला ‘Build number’ वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायला लावतात. अँड्रॉइड ११ पासून तिथे ‘Wireless debugging’ आहे, त्यामुळे कॉम्प्युटरशिवायही काम भागतं. फोन बंद करून सुरू केला की तो मागच्या दाराचा प्रोग्राम मरतो आणि अ‍ॅप पुन्हा सुरू करून द्यावं लागतं.

कॉम्प्युटर जोडलेला असेल तर खोटं बोट हातानेही टेकवून बघता येतं:

```
adb shell input tap 2150 850
```

हे दोन आकडे म्हणजे स्क्रीनवरची उडीच्या बटणाची जागा. गेममधल्या माणसाने उडी मारली. शाओमी, रेडमी किंवा पोकोच्या फोनवर मात्र इथे `INJECT_EVENTS` असा शब्द असलेली तक्रार येऊ शकते. तिथे ‘USB debugging (Security settings)’ हा आणखी एक खटका चालू करावा लागतो. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि दोष कंट्रोलरला देतात.

बटणं लावणं सोपं असतं, उडीच्या चित्रावर एक्सचं चिन्ह ओढून ठेवलं की झालं. डावी काठीही फार छळत नाही. स्क्रीनवरच्या गोलाचा मध्य (४२०, ७८०) आणि त्रिज्या १५० पिक्सेल धरा. काठी उजवीकडे ०.६ आणि वर ०.८ ढकलली, तर खोटं बोट ९० पिक्सेल उजवीकडे नि १२० वर, म्हणजे (५१०, ६६०) वर सरकतं. उभं अंतर स्क्रीनच्या वरच्या कडेपासून मोजतात, म्हणून वर जाताना दुसरा आकडा घटतो. काठी सोडली की बोट उचललं जातं. काठी जुनी असेल तर सोडल्यावरही शून्यावर न थांबता ०.०५ वगैरे दाखवते आणि माणूस आपोआप चालत सुटतो. त्यावर उपाय डेडझोनचा. ०.१ च्या आतलं काहीही शून्य समजायचं.

खरी गोम उजव्या काठीत, म्हणजे नजर फिरवण्यात आहे. कंट्रोलरवर काठी ढकलून धरली की नजर फिरतच राहते, म्हणजे काठी वेग सांगते. काचेवर मात्र बोट जेवढं सरकेल तेवढीच नजर वळते, म्हणजे बोट अंतर सांगतं. दुभाष्याला वेगातून अंतर घडवावं लागतं. समजा सेकंदाला ६०० पिक्सेल असा वेग ठेवला, तर सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या फोनवर प्रत्येक चित्रामागे बोट १० पिक्सेल सरकतं. पण काच संपते! मधून काठापर्यंत ३०० पिक्सेल जागा असेल तर अर्ध्या सेकंदात बोट कडेला पोचतं, ते उचलून पुन्हा मध्ये टेकवावं लागतं. त्यात काही गेम बोट टेकल्यावरचे पहिले काही पिक्सेल मुद्दाम सोडून देतात, साधी टिचकी आणि ओढणं यांत गल्लत होऊ नये म्हणून. परिणामी दर अर्ध्या सेकंदाला नजरेला बारीकसा हिसका बसतो. भाच्याने तो लगेच ओळखला.

हिसका पूर्ण जात नाही, विरळ करता येतो. गेमच्या सेटिंगमध्ये नजरेची संवेदनशीलता वाढवली आणि दुभाष्यात काठीचा वेग तेवढाच कमी केला, की नजर तितकीच वळते पण बोट कमी अंतर चालतं. आम्ही पहिली दुप्पट आणि दुसरा निम्मा केला. आता बोट सेकंदाने कडेला पोचतं. याहून पुढे ताणलं तर नेम धरताना नजर टप्प्याटप्प्याने उड्या मारते, कारण एका पिक्सेलमागे वळणारा कोन मोठा होतो.

आयफोनवर अशा अ‍ॅप्सना हा खेळ करता येत नाही, कारण तिथे त्यांना असं मागचं दार मिळत नाही. आणि ऑनलाइन लढतींच्या गेममध्ये मी हे भाच्याला करू दिलं नाही. तिथे ही लबाडी ठरून पकडली जाऊ शकते. फोनचे डेव्हलपर ऑप्शन्स चालू आहेत का हे गेमला वाचता येतं, शिवाय खऱ्या अंगठ्याचा स्पर्श दर वेळी थोडा इकडेतिकडे पडतो, खोटं बोट मात्र शंभर वेळा त्याच एका पिक्सेलवर टेकतं.