बॅलार्ड तपासणी : आईच्या तारखा माहीत नसताना बाळाचे गर्भवय ठरवणे

बाळ पोटात किती आठवडे राहिले हे एरवी आईच्या शेवटच्या पाळीच्या तारखेवरून किंवा पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून कळते. ही दोन्ही साधने हाताशी नसतील तर नवजात बाळाची त्वचा, कान, तळपाय, जननेंद्रिये आणि स्नायूंचा टोन, म्हणजे स्वस्थ असतानाही स्नायूंत राहणारा ताण, पाहून गर्भवयाचा अंदाज बांधता येतो. फ्रान्समध्ये आमिएल-तिसों यांनी १९६०च्या दशकात टोन कसा विकसित होत जातो ते मांडले. १९७० साली डुबोविट्झ दांपत्य आणि गोल्डबर्ग यांनी बाह्य खुणा आणि चेतासंस्थेच्या खुणा मिळून २१ लक्षणांची गुणपद्धती तयार केली. ती नेमकी होती, पण वेळखाऊ होती आणि आजारी बाळाला फार हाताळावे लागे. जीन बॅलार्ड यांनी १९७९ मध्ये ती १२ लक्षणांवर आणली. १९९१ मध्ये त्यांनी तिच्यात सुधारणा करून २६ आठवड्यांखालच्या बाळांनाही ती लागू केली. ही ‘न्यू बॅलार्ड’ आज सर्वाधिक वापरली जाते आणि या नोंदीत तिचाच विचार केला आहे.

वजनावरून वय का ठरवत नाहीत

१,७०० ग्रॅमचे बाळ ३२ आठवड्यांचे असू शकते आणि ३८ आठवड्यांचेही. पहिल्याचे वजन त्याच्या वयाला साजेसे आहे, पण फुप्फुसे अपरिपक्व आहेत. दुसऱ्याचे दिवस भरत आलेत, पण गर्भाशयात त्याचे पोषण तोकडे पडले. काट्यावर दोघे सारखीच दिसतात, त्यांच्यापुढचे धोके मात्र वेगळे असतात. ही तपासणी करण्याचे खरे कारण हेच आहे.

उपासमार झाली की गर्भाची चरबी आणि वजन घटते, पण मेंदू आणि चेतासंस्थेची वाढ बरीचशी आपल्या गतीने चालू राहते. कानाची कूर्चाही वयानुसार कडक होत जाते. म्हणून वयाची साक्ष काढायची ती अशा लक्षणांकडून.

स्नायूंचा टोन

न्यू बॅलार्डमध्ये सहा खुणा टोनच्या आहेत आणि सहा शारीरिक. टोन पायांकडून डोक्याकडे चढत जातो. साधारण २८ आठवड्यांचे बाळ हातपाय सरळ टाकून सैल पडलेले असते. ३२च्या सुमारास पाय दुमडू लागतात, पण हात तसेच पसरलेले राहतात. दिवस भरलेले बाळ चारही अवयव आखडून घेते. बाळाला हात न लावता दिसणारी ही ठेवण म्हणजे पहिली खूण.

बाकीच्या पाच खुणांमध्ये सांधा किती वाकतो किंवा किती प्रतिकार करतो ते पाहतात. ‘स्क्वेअर विंडो’मध्ये हाताचा पंजा मनगटातून आतल्या बाजूला हलकेच दुमडतात आणि पंजा व पुढचा हात यांच्यात किती अंश कोन उरतो ते बघतात. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो ९० अंश असतो, पूर्ण दिवसांच्या बाळात शून्य, म्हणजे पंजा हाताला टेकतो. पाय आणि कोपरांचे सांधे वयानुसार घट्ट होत जातात, तर मनगट उलट अधिक वाकते, हे नवशिक्याच्या चटकन लक्षात येत नाही. ‘आर्म रिकॉइल’साठी दोन्ही कोपरे पाच सेकंद दुमडून धरायची, मग हात पूर्ण ताणून सोडायचे आणि ते किती झटकन व किती अंशांपर्यंत परत दुमडतात ते पाहायचे.

‘पॉप्लिटिअल अँगल’ सगळ्यांत जास्त चुकतो. बाळ पाठीवर, नितंब गादीला टेकलेले, मांडी पोटाजवळ धरलेली. मग घोट्यामागे एक बोट ठेवून पाय गुडघ्यातून हळू वर न्यायचा. प्रतिकार जाणवला की थांबायचे, जोर लावायचा नाही. नितंब उचलले गेले तर गुडघा आहे त्याहून सैल वाटतो. बाळ लाथ मारत असेल तर ते शांत होईपर्यंत वाट पाहावी लागते. १८० अंश म्हणजे पाय अगदी सरळ होतो. ९० अंश किंवा त्याहून कमी म्हणजे दिवस भरत आले. ‘स्कार्फ साइन’मध्ये हात छातीवरून विरुद्ध खांद्याकडे नेतात. कोपर मध्यरेषा ओलांडून सहज पलीकडे गेले तर बाळ अपुऱ्या दिवसांचे, अलीकडेच अडले तर पुऱ्या दिवसांचे. ‘हील टू इअर’ ही टाच कानाकडे नेण्याची चाचणी, तिच्यात टाच कुठवर पोचते ते नोंदवतात.

शारीरिक खुणा

त्वचा सुरुवातीला चिकट आणि पारदर्शक असते. मग ती गुळगुळीत गुलाबी होते आणि तिच्यातून शिरा दिसतात. पुढे साल निघते आणि शेवटी भेगा पडतात. अंगावरची लव २४ आठवड्यांच्या आसपास विरळ असते, नंतर भरपूर येते आणि पुढे पाठीवर तिचे टक्कल पडत जाते. तळपाय आधी गुळगुळीत असतो. मग पुढच्या भागात एक आडवी घडी येते, नंतर पुढच्या दोन तृतीयांशात आणि शेवटी टाचेपर्यंत घड्या दिसतात. फार लहान बाळांत टाच ते अंगठा ही लांबीच मोजतात: ५० मिलिमीटरच्या आत असेल तर गुण उणे होतात. स्तनाची गाठ चिमटीत धरून मिलिमीटरमध्ये मोजतात. मुलग्यात वृषण कुठवर उतरले आणि अंडकोशावर किती सुरकुत्या आहेत ते पाहतात. मुलीत मोठे भगोष्ठ लहान भगोष्ठांना किती झाकतात ते.

कानाची खूण सर्वांत सोपी आणि बरीच भरवशाची. कानाची वरची कड पुढे दुमडून सोडायची. लवकरच्या बाळात ती तशीच दुमडलेली राहते, काही आठवड्यांनी सावकाश उलगडते आणि पुऱ्या दिवसांच्या बाळात लगेच परत येते. पापण्या चिकटलेल्या असतील तर बाळ बहुधा २६ आठवड्यांखालचे.

बाराही खुणांची बेरीज उणे १० ते ५० या पल्ल्यात येते. दर ५ गुणांना २ आठवडे वाढतात:

आठवडे = २४ + (०.४ × गुण)

एक उदाहरण

समजा, एक मुलगी १,७०० ग्रॅमची जन्मली. आईला पाळीची तारीख आठवत नाही आणि सोनोग्राफी झालेली नाही. सहा तासांनी, बाळ उबेत आणि स्वस्थ असताना तपासणी केली.

टोनमध्ये पाय दुमडलेले व बाहेर पसरलेले, हात थोडे दुमडलेले: ३. मनगट पूर्ण वाकते: ४. हात १०० अंशांपर्यंत परत येतो: ३. गुडघ्याचा कोन १००: ३. कोपर मध्यरेषेआधीच, त्याच बाजूच्या स्तनाग्राच्या रेषेवर अडते: ३. टाच बेंबीच्या पातळीपर्यंत जाते: ३. बेरीज १९. शारीरिक खुणांत भेगाळलेली, शिरा क्वचितच दिसणारी त्वचा ३, पाठीवरची लव काही भागांत झडलेली ३, तळपायाच्या पुढच्या दोन तृतीयांशात घड्या ३, कान घट्ट व तत्काळ परतणारा ३. पण स्तनाची गाठ जेमतेम २ मिलिमीटर, म्हणून २; आणि दोन्ही भगोष्ठ सारखेच उठून दिसतात, म्हणून २. बेरीज १६.

एकूण ३५ गुण, म्हणजे ३८ आठवडे. इथे शेवटच्या दोन आकड्यांकडे नीट पाहायला हवे. स्तनाची गाठ आणि मोठे भगोष्ठ चरबीवर अवलंबून असतात, त्यामुळे उपासमार झालेल्या बाळात ते वयापेक्षा कोवळे दिसतात. कान, तळपाय आणि टोन एका बाजूला आणि चरबीवर चालणाऱ्या खुणा दुसऱ्या बाजूला, अशी फाटाफूट दिसली की वाढ खुंटल्याचा संशय बळावतो. बेरीज करून वेगवेगळे गुण विसरून जाणारा तपासनीस हा दुवा गमावतो.

३८ आठवड्यांसाठी १,७०० ग्रॅम फारच कमी आहे. या बाळाची रक्तशर्करा पहिल्या तासांपासून पुन्हा पुन्हा पाहावी लागते, ते गार पडू नये म्हणून जपावे लागते आणि रक्त दाट झाले आहे का तेही तपासावे लागते.

तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या बाळाचे गुण २० भरले, कान सावकाश उलगडला आणि तळपायावर पुढची एकच घडी असली, तर ते ३२ आठवड्यांचे ठरते. त्याच्याबाबतीत श्वसनाचा त्रास आणि मध्येच श्वास थांबणे यांची काळजी आधी घ्यायची. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांपर्यंत बसत नाही, म्हणून दूध बहुधा नळीने द्यायचे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी करायची हेही गर्भवयावरूनच ठरते. शंका उरली तर दोन भुवयांच्या मध्ये बोटाने हलके टिचकावून पाहतात. पापण्या मिटण्याचा हा प्रतिक्षेप ३२ आठवड्यांपूर्वी सहसा नसतो आणि ३४ नंतर असतो. बाहुलीची प्रकाशाला प्रतिक्रिया त्याआधी, २९ ते ३१ आठवड्यांच्या दरम्यान येते.

अंदाज कुठे चुकतो

बॅलार्डची चूक साधारणपणे दोन आठवडे इकडेतिकडे धरतात, पण सोनोग्राफीशी ताडून पाहिलेल्या अभ्यासांत ती त्याहून मोठी, जवळजवळ चार आठवड्यांपर्यंत आढळली आहे. चुकीला दिशाही असते: अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वय जास्त भरते आणि वाढ खुंटलेल्यांचे कमी. वरच्या मुलीचे खरे वय ३४ असेल, तर १,७०० ग्रॅम हे वजन सामान्य मर्यादेच्या खालच्या टोकाशी बसेल. पण वाढ खुंटलेल्या बाळात आकडा वर सरकण्याऐवजी खाली सरकतो, म्हणून इथे ३४ची शक्यता कमी आहे.

श्वास कोंडलेले, संसर्गाने आजारी किंवा ज्यांच्या आईला प्रसूतीत मॅग्नेशियम सल्फेट वा गुंगीचे औषध मिळाले अशी बाळे सैल असतात आणि टोनचे गुण खोटे कमी पडतात. पाय सरळ वर करून पायाळू जन्मलेल्या बाळाची टाच आणि गुडघ्याचा कोन गर्भातल्या ठेवणीमुळे बदललेले असतात. एका हाताला इजा असेल तर तपासणी दुसऱ्या हातावर करायची. अशा वेळी शारीरिक खुणांना अधिक वजन द्यावे आणि बाळ सावरल्यावर, २४ तासांनंतर टोन पुन्हा पाहावा.

शारीरिक खुणांना मात्र थांबून चालत नाही. जन्मानंतर त्वचा सुकते, तळपायावर नव्या सुरकुत्या पडतात आणि वय जास्त वाटू लागते. २६ आठवड्यांखालच्या बाळात पहिल्या १२ तासांतच तपासणी उरकावी. इतरांत ती ९६ तासांपर्यंत करता येते, पण पहिला दिवस चांगला.

लवकरच्या सोनोग्राफीची तारीख नंतर मिळाली तर तीच धरायची. आईच्या तारखेतून आणि तपासणीतून आलेले वय दोन आठवड्यांच्या आत जुळले तर तारीख बदलायची नाही. केस पेपरवर आठवड्यांशेजारी ‘तपासणीवरून’ असे, कोणत्या तासाला तपासले तेही धरून, लिहावे. कारण पुढे दुरुस्त वय, म्हणजे जितके आठवडे आधी जन्मले तितके वजा केलेले वय, काढून वाढ आणि विकास पाहणाऱ्या डॉक्टरला तो आकडा किती घट्ट धरायचा हे त्यावरूनच कळते.