ओपनिंग एंट्री : वह्यांवरून सॉफ्टवेअरवर जाताना

ओपनिंग एंट्री म्हणजे ठरलेल्या एका तारखेला धंद्याकडे काय काय आहे आणि धंद्याला कोणाचं किती देणं आहे, हे सगळं एकाच नोंदीत नव्या हिशोबात आणणं. मराठी पुस्तकात हिला आरंभीची नोंद म्हणतात, पण जळगावच्या दाणा बाजारात असो की चोपड्याच्या कृषी केंद्रात, सगळे ओपनिंगच म्हणतात. नियम सरळ आहे, मालमत्ता आणि येणं नावे बाजूला, देणी आणि भांडवल जमा बाजूला, दोन्ही बेरजा सारख्या. विक्री, खरेदी, हमाली, लाईटबिल, पगार यांची खाती वर्षअखेरीला नफा-तोट्यात जाऊन बंद झालेली असतात, त्यामुळे १ एप्रिलच्या ओपनिंगमध्ये ती येतच नाहीत.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. चोपडा तालुक्यातलं बियाणं-खत-औषधाचं दुकान, १ एप्रिलपासून सॉफ्टवेअर. ३१ मार्चला गल्ल्यात रोख ३८,०००, बँकेत १,४२,०००, दुकानातला माल ६,२०,०००, शेतकऱ्यांकडे उधारी ४,७५,०००, फर्निचर आणि वजनकाटा घसारा वजा जाता ८५,०००, जीएसटीचं इनपुट क्रेडिट २५,०००. झाले १३,८५,०००. देण्याकडे डिस्ट्रिब्युटरांचे ५,१०,०००, बँकेचं कर्ज २,००,०००, एका शेतकऱ्याने बियाण्यासाठी आधीच ठेवलेले ३०,००० आणि ऑडिट फी १५,०००. एकूण ७,५५,०००. उरले ६,३०,०००, ते मालकाचं भांडवल.

खरी गोम या शेवटच्या आकड्यात आहे. आजवर ताळेबंद कधी झालाच नसेल तर भांडवल असं वजाबाकी करूनच काढावं लागतं, दुसरा मार्ग नाही. पण सीएने मागच्या वर्षीचा ताळेबंद केलेला असेल तर भांडवल आधीच ठरलेलं असतं, आणि आता वजाबाकीने वेगळा आकडा आला तर ती चूक आहे, भांडवल नाही. बरेच जण इथे तो फरक गुपचूप भांडवलात नाहीतर सस्पेन्सला, म्हणजे न जुळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्याला, टाकून मोकळे होतात, मग दोन वर्षांनी तोच सस्पेन्स कोणालाच सांगता येत नाही.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद जर्नल व्हाउचर म्हणून टाकत नाहीत, प्रत्येक लेजर म्हणजे खातं उघडताना त्याच्या ओपनिंगच्या रकान्यात आकडा आणि बाजू भरतात, आणि बेरीज जुळली नाही तर ताळेबंदात `Difference in opening balances` अशी ओळ दिसते. खानदेशात (आणि जिथे जिथे देशी नामा चालतो तिथे) हा फरक येण्याचं एक ठरलेलं कारण आहे. लाल वहीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची असते. सॉफ्टवेअरच्या पद्धतीत डावी बाजू डेबिटची म्हणजे नावेची. मुनीमजींनी पानं पुढे सरकवली आणि टाइप करणाऱ्या पोराने डावीकडचं ते डेबिट असं धरलं, की खातं उलटं पडलं.

आपल्या उदाहरणात ॲडव्हान्स ठेवलेल्या शेतकऱ्याचे ३०,००० असे डेबिटला गेले तर डेबिट १४,१५,००० आणि क्रेडिट १३,५५,००० होतं, फरक ६०,०००. म्हणजे चूक तीसची, फरक साठचा. म्हणून जुने अकाउंटंट आधी फरकाचा अर्धा करतात आणि तेवढीच शिल्लक कुठल्या खात्यावर आहे ते शोधतात. तसं नाही सापडलं तर पूर्ण फरकाएवढं खातं राहून गेलंय का किंवा दोनदा आलंय का ते बघायचं. दुबार येण्यात पहिला नंबर मालाचा, कारण वस्तूवार स्टॉक भरला की त्याची रक्कम तिथूनच हिशोबात येते आणि कोणी वर परत स्टॉकच्या नावाने वेगळं लेजर उघडून ओपनिंग भरलं तर ६,२०,००० दोनदा. आणि हो, बेरीज जुळली म्हणजे आकडे बरोबर असं अजिबात नाही. एका शेतकऱ्याची उधारी दुसऱ्याच्या नावावर पडली तरी बेरीज छान जुळते.

बँकेचा आकडा पासबुकातून उचलायचा नसतो. २९ मार्चला डिस्ट्रिब्युटरला दिलेला २५,००० चा चेक अजून वटला नसेल तर पासबुक १,६७,००० दाखवेल, पण त्या डिस्ट्रिब्युटरचं देणं वहीत आधीच कमी झालंय, म्हणून ओपनिंगला १,४२,०००च. चेक एप्रिलमध्ये वटला की मेळ बसतो. जीएसटीचंही तसंच, मार्चचं रिटर्न एप्रिलमध्ये भरलं जातं, त्यामुळे ३१ मार्चला पोर्टलवर दिसणारं क्रेडिट आणि वहीतलं क्रेडिट यात मार्चचा फरक राहणारच.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती उधारी. कृषी केंद्राची उधारी जूनमध्ये वाढते आणि कापूस विकला की फिटते, निदान फिटायला पाहिजे. ३१ मार्चला जी उरते ती बरीचशी अडकलेली असते. ४,७५,००० हा एकच आकडा ‘शेतकरी येणे’ म्हणून टाकला तर ताळेबंद जुळेल पण वसुली करता येणार नाही, म्हणून शेतकरीवार आणि शक्य असेल तर बिलवार, जुन्या बिलाच्या तारखेसकट टाकायचं. तारखा नाही टाकल्या तर दोन हंगाम जुनी बाकीसुद्धा १ एप्रिलची म्हणून ताजी दिसते. टाकायच्या आधी माणसाला बाकी सांगून हो म्हणवून घ्यावं, कारण ‘भाऊ, ते तर मी दिवाळीलाच दिले’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आणि कधी कधी वहीतच जमा करायचं राहिलेलं असतं. बुडीत बाकी असेल तर जुन्या वहीतच, मालक आणि सीएला विचारून, ३१ मार्चच्या आत माफ करून मगच पुढे आणलेली बरी.

आता तारीख. पुष्कळ शेठ लोकांना नवं काम दिवाळीच्या पाडव्याला सुरू करायचं असतं, वहीपूजन करतात तेव्हाच कॉम्प्युटरचीही पूजा. पूजा करावी, पण आयकराचं वर्ष १ एप्रिललाच सुरू होतं, आणि दिवाळीला सॉफ्टवेअर चालू केलं तर एप्रिलपासूनची विक्री, खरेदी, खर्च ही खातीही आणावी लागतात, म्हणजे ओपनिंग एंट्री न राहता अख्खी तेरीज, सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादीच, उतरवायची. यात एक फसवी जागा आहे. तेरजेतला माल १ एप्रिलचा असतो, दिवाळीला मोजलेला नाही. खरेदी-विक्री एप्रिलपासूनची घेतली आणि आरंभीचा माल म्हणून दिवाळीचा घेतला तर ढोबळ नफा चुकतो, दिवाळीला माल जास्त असेल तर कमी दिसतो आणि कमी असेल तर फुगतो. व्यवहार फार नसतील तर सरळ १ एप्रिलचं ओपनिंग टाकून तेव्हापासूनची सगळी बिलं भरून काढणं जास्त सोपं पडतं.

१ एप्रिलला टाकलेलं ओपनिंग तसंही कच्चंच असतं. ऑडिट पुढे काही महिन्यांनी पूर्ण होतं, सीए घसारा, देणं राहिलेलं व्याज, मालाची किंमत यात बदल करतो, आणि मग तेवढी खाती उघडून सहीच्या ताळेबंदाप्रमाणे ओपनिंग दुरुस्त करावं लागतं. ही दुरुस्ती चालू वर्षाच्या तारखेला जर्नल टाकून करू नये, नाहीतर मागच्या वर्षीचा खर्च या वर्षाच्या नफ्यातून कापला जातो.