विक्री नोंदली, पण पैसे कुठे आहेत?

सनबीम ही मिक्सर, इलेक्ट्रिक ब्लँकेट आणि अंगणात मांस भाजायचे ग्रिल बनवणारी अमेरिकन कंपनी. १९९६ साली तिला सुमारे २२.८ कोटी डॉलरचा तोटा झाला. त्याच वर्षी अल डनलॅप प्रमुख म्हणून आले आणि १९९७ साली कंपनीने १०.९ कोटी डॉलर नफा जाहीर केला. पण त्याच वार्षिक अहवालातलं रोख प्रवाह पत्रक वेगळंच सांगत होतं. रोजच्या धंद्यातून पैसा आलाच नव्हता, उलट सुमारे ८२ लाख डॉलर बाहेर गेले होते.

विक्री नोंदली की नफा दिसतो, पैसा मात्र गिऱ्हाईक देईल तेव्हा येतो. त्यामुळे दोन्हींत थोडंफार अंतर राहणारच. ते इतकं मोठं असेल, तर पैसा अडकलाय कुठे ते ताळेबंदात शोधायचं. सनबीमची विक्री वर्षभरात साधारण १९ टक्क्यांनी वाढली, उधारीची येणी मात्र २१.३ कोटींवरून २९.६ कोटींवर, म्हणजे जवळजवळ ३९ टक्क्यांनी. येणी भागिले वर्षाची विक्री गुणिले ३६५ केलं, तर वसुलीला लागणारे दिवस ७९ वरून ९२ वर गेलेले दिसतात. त्यातही डिसेंबरमध्ये कंपनीने ५.९ कोटींची येणी विकून रोकड उभी केली होती. ती विकलेली येणी पुन्हा यात धरली तर आकडा १११ दिवसांवर जातो. माझ्या मते ही बेरीज सगळ्यांत बोलकी आहे, कारण रोख प्रवाहही असा सजवता येतो.

येणी फुगली कशी? उन्हाळ्यात खपणारे ग्रिल हिवाळ्यातच दुकानदारांच्या नावावर टाकले गेले. भरघोस सूट, पैसे नंतर द्यायची मुभा, आणि माल सनबीमच्याच खर्चाने गोदामात ठेवायचा. बिल फाडलं, माल हलला नाही, तरी विक्री नोंदली. अशी नोंद नियमात बसते, पण माल थांबवून ठेवायची गरज खरोखर गिऱ्हाइकाची असावी लागते. इथे घाई विकणाऱ्याची होती. शिवाय पुढच्या हंगामाची विक्री आधीच खाऊन टाकल्यामुळे १९९८ च्या पहिल्याच तिमाहीत तोटा आला. जूनमध्ये डनलॅप यांना काढलं गेलं, आणि फेरतपासणीत १९९७ चा नफा ३.८ कोटींवर उतरला.

एका वर्षाची तफावत पाहून लगेच लबाडी म्हणू नये. झपाट्याने वाढणाऱ्या प्रामाणिक कंपनीचाही पैसा मालात आणि उधारीत अडकतो. बँकांना तर ही कसोटी लागूच पडत नाही, कारण कर्ज देणं हाच त्यांचा धंदा. म्हणून तीन-चार वर्षांचा नफा एकत्र करून तेवढ्याच वर्षांच्या रोख प्रवाहाशी ताडून पाहावा, आणि येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल तर लेखा टिपांमधलं महसूल नोंदीचं धोरण यंदा बदललंय का, ते वाचावं.