एका शब्दावर ठरलेलं पाखंड

चौथ्या शतकातले बिशप ख्रिस्त देव आहे की नाही यावर भांडले, असा समज आहे. पण आरियसही ख्रिस्ताला देव म्हणत असे. वाद होता तो कोणत्या अर्थाने. अलेक्झांड्रियाच्या या धर्मगुरूचं म्हणणं असं, की देव एकच आणि त्याला आरंभ नाही. पुत्र, अर्थात ख्रिस्त, पित्यापासून झाला, म्हणजे त्याला आरंभ आहे. सगळ्या सृष्टीच्या आधीचा असला तरी तो निर्माण केलेलाच. त्याचे बिशप अलेक्झांडर यांना यात मोठा धोका दिसला. ज्याची आपण उपासना करतो तोच निर्मित असेल, तर माणसाला देवाशी जोडणार कोण? माझ्या मते हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. तारण कसं होतं, हाच प्रश्न पणाला लागला होता.

325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने निकेया या शहरात बिशपांची परिषद बोलावली. तिथली खरी अडचण अलेक्झांडरनंतर बिशप झालेल्या अथनेशियसने पुढे लिहून ठेवली आहे. बिशपांना बायबलमधलेच शब्द वापरायचे होते. पण ‘पुत्र देवापासून आहे’ असं म्हटलं, की आरियसचे समर्थक लगेच मान डोलवत, कारण त्यांच्या मते सगळंच देवापासून आहे. वचन कोणतंही पुढे करा, त्यांना त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावता येई. शेवटी बायबलमध्ये नसलेला ‘होमोऊसिओस’ हा ग्रीक शब्द घेतला गेला: पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. आरियसच्या बाजूला हा शब्द गिळणं शक्य नव्हतं, आणि म्हणूनच तो उपयोगी ठरला. परिषदेने ठरवलेल्या श्रद्धासूत्राच्या शेवटी, ‘पुत्र नव्हता असा काळ होता’ असं म्हणणाऱ्यांना शाप जोडला गेला. दोन बिशपांनी अखेरपर्यंत सही केली नाही. आरियसबरोबर तेही हद्दपार झाले.

वाद मात्र मिटला नाही. ‘एकतत्त्व’ म्हटल्यावर पिता आणि पुत्र वेगळे उरतच नाहीत, अशी भीती पूर्वेकडच्या अनेक बिशपांना होती. त्यांना सरसकट ‘आरियन’, म्हणजे आरियसचे अनुयायी, म्हणणं अन्यायाचं होतं. 341 साली अंत्युखिया शहरातल्या परिषदेत त्यांनी स्पष्टच लिहिलं, की आम्ही बिशप असून एका साध्या धर्मगुरूचे अनुयायी कसे होऊ? 360 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने सम्राट कॉन्स्टँशियसच्या पाठबळावर ‘तत्त्व’ हा शब्दच बाद केला. पुत्र पित्यासारखा आहे, एवढंच म्हणायचं ठरलं. त्या वर्षी निकेयाचा आग्रह धरणाराच गुन्हेगार ठरत होता.

यातून वाट काढली ती कप्पदुकिया प्रांतातला बिशप बसिल आणि त्याच्या साथीदारांनी. तत्त्व एक, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या व्यक्ती तीन, अशी मांडणी त्यांनी केली, आणि पूर्वेकडच्यांची ती जुनी भीती बरीच कमी झाली. मात्र पाखंड कोणतं हे कायद्याने ठरलं ते 380 मध्ये. रोमचा बिशप दमासस आणि अलेक्झांड्रियाचा बिशप पेत्र यांची श्रद्धा हाच मापदंड, बाकीचे पाखंडी, आणि त्यांच्या जमण्याच्या जागांना चर्च म्हणायचं नाही, असा सम्राट थिओडोसियसचा आदेश निघाला. त्याच वर्षी त्याने कॉन्स्टँटिनोपलचा बिशप डेमोफिलस याला निकेयाचं मत स्वीकार किंवा चर्च सोड, असं सांगितलं. डेमोफिलसने चर्च सोडली आणि आपल्या लोकांना घेऊन शहराच्या तटाबाहेर प्रार्थना सुरू केली.