हवाई स्वातंत्र्ये

एका देशाने दुसऱ्या देशाच्या विमान कंपनीला आपल्या आकाशातून जाण्याचे, उतरण्याचे आणि प्रवासी नेण्या-आणण्याचे जे हक्क द्यायचे, त्यांना हवाई स्वातंत्र्ये म्हणतात. ती नऊ मानली जातात. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाची त्याच्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता मान्य केली. त्याच्या सहाव्या कलमानुसार परवानगीशिवाय दुसऱ्या देशात नियमित विमानसेवा चालवता येत नाही. म्हणून देश दोघादोघांत करार करतात.

सोलापूरचा एक प्रवासी मुंबई गाठून दुबईच्या कंपनीने लंडनला निघाला, असे समजू. मुंबई ते दुबई हा टप्पा त्या कंपनीसाठी चौथे स्वातंत्र्य : परक्या देशातून प्रवासी आपल्या देशात आणणे. दुबई ते लंडन हे तिसरे : आपल्या देशातून परदेशी नेणे. दोन्ही जोडून होते ते सहावे. त्यासाठी तिला भारताशी झालेला करार लागतो आणि ब्रिटनशी झालेलाही. वाटेत ज्या देशांवरून विमान जाते तिथे फक्त पहिले स्वातंत्र्य पुरते, म्हणजे न उतरता ओलांडण्याचे. तेही अडू शकते. २०१९ मध्ये पाकिस्तानने आकाश बंद केल्यावर दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला.

खरी ओढाताण आसनांवरून होते. भारत आणि दुबई यांच्यात प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६६ हजार आसने मिळतात. ३५० आसनांचे विमान धरले तर ही आठवड्याला १८८ उड्डाणे होतात, म्हणजे साऱ्या भारतातून दिवसाला सत्तावीसच्या आसपास. दुबईत उतरणारा आणि लंडनला पुढे जाणारा, दोघेही याच कोट्यातून जातात. कोटा संपला की कंपनीकडे विमान आणि प्रवासी दोन्ही असले तरी फेरी वाढत नाही, आणि गर्दीच्या दिवसांत तिकीट महागते. दुबई वाढीव आसने मागते. भारताची अडचण समजण्यासारखी आहे : लंडनचा प्रवासी दुबईमार्गे गेला, तर भारतीय कंपनीचे थेट उड्डाण रिकामे राहते.

करारात शहरांची यादीही असते. परदेशी कंपनीला भारतात यादीतल्याच शहरांत उतरता येते, भारतीय कंपनीला मात्र देशातल्या कोणत्याही विमानतळावरून निघता येते. त्यामुळे सोलापूर-दुबई थेट विमान सुरू झालेच, तर ते भारतीय कंपनीचे असण्याचीच शक्यता जास्त. पण त्याआधी होटगी रस्त्यावरील विमानतळावर सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणीची सोय व्हावी लागेल.

सोलापूर ते मुंबई हा देशांतर्गत टप्पा परदेशी कंपनीला चालवता येत नाही. आठवे आणि नववे स्वातंत्र्य याच वाहतुकीचे. शिकागो कराराच्या सातव्या कलमाने ते नाकारण्याचा अधिकार प्रत्येक देशाला दिला आहे, आणि बहुतेक देश, भारतासह, तो वापरतात. एकाच तिकिटावर सोलापूर-मुंबई-दुबई असे लिहिलेले दिसले, तरी पहिला टप्पा भारतीय कंपनीच उडवते.