गाडी मध्येच का थांबते? एजीव्हीचा वेग आणि सुरक्षा क्षेत्र

एजीव्ही, म्हणजे चालकाशिवाय आपोआप माल नेणारी गाडी, बसवली की पहिल्या महिन्यात आम्हाला एक फोन हमखास येतो: "गाडी सारखी थांबते, सेन्सरचं अंतर जरा कमी करून द्या." हे काम आम्ही फोनवरून करत नाही. कारण पुढे दिलं आहे.

अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं उदाहरण घेऊ. माग खात्यातून डाइंगकडे टॉवेलची ट्रॉली नेणारी गाडी सेकंदाला 1.2 मीटर वेगाने, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतकी, जाते. तिचा लेझर स्कॅनर जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा पाहतो. समोर पाय दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत 0.4 सेकंद जातात असं धरू. तेवढ्यात गाडी 48 सेंटिमीटर सरकलेली असते. ब्रेक लागल्यावर, भरल्या ट्रॉलीसह, थांबायला आणखी 90 सेंटिमीटर लागतात. झाले 1.38 मीटर. मोजमापातल्या चुकीसाठी 30 सेंटिमीटर धरले की संरक्षण क्षेत्र, म्हणजे माणूस आत आला की गाडी थांबते ते क्षेत्र, जवळपास 1.7 मीटरचं होतं. त्याच्या पुढे इशारा क्षेत्र असतं. तिथे माणूस आला तर गाडी फक्त हळू होते.

आता वेग निम्मा करा. ब्रेकचं अंतर निम्मं नाही, पाव होतं. गाडी 47 सेंटिमीटरमध्ये थांबते आणि संरक्षण क्षेत्र 80 सेंटिमीटरच्या आत बसतं. म्हणून अरुंद बोळात, मागांच्या ओळीच्या तोंडाशी, आम्ही आधी वेग उतरवतो. वेगाप्रमाणे क्षेत्र स्कॅनर आपोआप बदलतो. फेरीला चार-दोन सेकंद जास्त लागतात, पण उगाच थांबणं कमी होतं. वेग तोच ठेवून नुसतं क्षेत्र आखडलं, तर गाडी थांबेल ती माणसाला लागल्यावर.

सोलापुरात आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे तूस. फरशीवर तूस साचून चाकाची पकड निम्मी झाली, तर ब्रेकचं 90 सेंटिमीटरचं अंतर 1.8 मीटर होतं आणि एकूण 2.28 मीटर. आखलेलं क्षेत्र मात्र 1.7 मीटरचंच! त्यामुळे गाडीची वाट प्रत्येक पाळीत झाडा. तूस स्कॅनरच्या काचेवर बसला तर तो स्वतःच गाडी थांबवून स्क्रीनवर सूचना देतो. काच मऊ कापडाने पुसा, हाताशी असलेल्या कोऱ्या टॉवेलने नको, चरे पडतात.

गाडी आणि भिंत किंवा बीम स्टँड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळा हवा. पिवळ्या पट्ट्यावर बीम उभा केला, तर माणसाला अंग चोरायला जागाच उरत नाही.

पॅकिंगमध्ये माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबो हाताचं, म्हणजे कोबॉटचं, थोडक्यात: अंगाला लागला की तो थांबतो, हे खरं. पण त्याच्या हातात कटर दिला असेल तर ते थांबणं कामाचं नाही. तिथे कुंपण किंवा स्कॅनर लागतोच.

महिन्यातून एकदा 70 मिलिमीटर व्यासाचा, 40 सेंटिमीटर उंचीचा पाइप वाटेत उभा करून भरली गाडी पूर्ण वेगाने सोडा. मध्यभागी, मग दोन्ही कडांना. पाइप न पाडता गाडी किती आधी थांबली ते खडूने खूण मारून मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. मागच्या वेळेपेक्षा अंतर घटलं असेल तर गाडी बाजूला काढा आणि आम्हाला बोलवा.