सिनेमातली तीन आम्लेटं आणि आपला तवा

रात्री दमून घरी आल्यावर मी स्वयंपाकाचे सिनेमे बघते. मोठमोठ्या मेजवान्यांची दृश्यं बघायला सुंदर असतात, पण ती बघून उठून ओट्याशी जावंसं वाटत नाही. ज्या दृश्यांनी मला खरोखर उठवलं, त्या तिन्ही दृश्यांत फक्त अंडं आहे. तिघांचंही आम्लेट वेगळं, आणि ते वेगळं का होतं हे समजल्यापासून माझं स्वतःचं आम्लेट बिघडायचं थांबलं.

पहिलं आहे 1996 च्या ‘बिग नाइट’मध्ये. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर प्रिमो आणि सेकोंदो या दोन इटालियन भावांचं हॉटेल बुडायच्या बेतात आहे. एका रात्री ते सगळं पणाला लावून मोठी मेजवानी घालतात, ज्याच्यासाठी घालतात तो पाहुणा येतच नाही, आणि पहाटेच्या सुमारास दोघे भाऊ कडाडून भांडतात. सकाळी सेकोंदो स्वयंपाकघरात येतो आणि अंडी फोडतो. कढईत तेल घालतो, फेटलेली अंडी ओततो, आम्लेट करतो. एक वाटा तिथे झोपलेल्या पोऱ्याला, एक स्वतःला. मग प्रिमो येतो, तर उरलेला त्याला. सुमारे पाच मिनिटं कॅमेरा जवळपास हलत नाही, शॉट तुटत नाही आणि भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी खाता खाता एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात.

शॉट न तोडल्यामुळे या दृश्यात आपल्याला खरा वेळ दिसतो. अंडं ओतल्यापासून ताटात येईपर्यंत किती कमी वेळ जातो, हे एरवी सिनेमात कळतच नाही, कारण मधला भाग कापलेला असतो. अंड्याच्या बाबतीत तो मधला भागच सगळं काही आहे.

अंड्याचा पांढरा भाग म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि त्यात सुटी सुटी तरंगणारी प्रथिनं. प्रत्येक प्रथिन दोऱ्याच्या गुंडीसारखं स्वतःभोवती गुंडाळलेलं असतं. उष्णता लागली की गुंड्या उलगडतात, दोरे एकमेकांत अडकतात आणि त्या जाळ्यात पाणी धरलं जातं. अंडं ‘घट्ट होतं’ ते असं. पाणी कुठे गेलेलं नसतं, फक्त पकडलं गेलेलं असतं. मऊ आम्लेट म्हणजे सैल जाळं आणि त्यात भरपूर पाणी.

सगळी प्रथिनं एकाच तापमानाला उलगडत नाहीत. पांढऱ्यातलं एक प्रथिन साठ-बासष्ट अंशांनाच घट्ट होऊ लागतं, तर पांढऱ्यातल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त भरणारं ओव्हल्ब्युमिन ऐंशीच्या आसपास. बलक पासष्टला दाट होऊ लागतो आणि सत्तरला घट्ट होतो. दोन्ही एकत्र फेटलं की साधारण त्र्याहत्तर अंशांना आम्लेट धरतं. पाणी उकळायच्या कितीतरी आधी! तव्याचं तापमान मात्र सहज दीडशेच्या वर असतं. म्हणजे आपण त्र्याहत्तरला व्हायची गोष्ट त्याच्या दुप्पट तापलेल्या तव्यावर करतो, आणि मग ती बिघडली की अंड्याला दोष देतो.

जास्त वेळ ठेवलं तर जाळं आवळत जातं. दोरे इतके घट्ट होतात की पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर येतं. आम्लेट चिवट झालंय आणि ताटात त्याच्या कडेने पाण्याचं थारोळं दिसतंय, असं कधी झालंय का? ते पाणी ‘अंडं कच्चं राहिल्यामुळे’ आलेलं नसतं. अंडं जास्त शिजल्यामुळे आलेलं असतं. मी कित्येक वर्षं उलटं समजत होते. थारोळं दिसलं की अजून दोन मिनिटं ठेवायचे आणि ते आणखी पाणी सोडायचं.

दुसरं आम्लेट जपानी आहे. जूझो इतामीच्या 1985 सालच्या ‘ताम्पोपो’मध्ये एक बेघर माणूस छोट्या मुलाला घेऊन रात्री एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात गुपचूप शिरतो आणि त्याला ऑमुराइस करून देतो. टोमॅटो केचपमध्ये परतलेला भात, त्यावर फुगीर सोनेरी आम्लेट ठेवलेलं. मग वरून सुरीने लांबट चीर देतो आणि आम्लेट दोन्ही बाजूंना उघडून भातावर पसरतं. आत अजून ओलं, मलईसारखं.

हे कसं साधतं? अंडं उष्णता पटकन आत नेत नाही. खालचा थर तव्याला टेकून लगेच घट्ट होतो आणि वरच्याला तव्यापासून वाचवतो. आच मोठी, वेळ अगदी थोडा: तवा हलवत, काड्यांनी सतत ढवळत, जेमतेम मिनिटभर. ढवळल्याने लहान मऊ कण होतात आणि त्यांच्यामध्ये पातळ अंडं राहतं. मग ढवळणं थांबवलं की तव्याला लागलेला पातळ पापुद्रा धरतो. तो गुंडाळून घ्यायचा. बाहेरचा पापुद्रा पूर्ण शिजलेला आणि आतला गाभा पासष्टच्या आसपास, हे दोन्ही एकाच वेळी हवं असेल तर वेळ वाढवून चालत नाही. मंद आचेवर हे आम्लेट होतच नाही, कारण पापुद्रा होईपर्यंत आतलंही शिजून जातं.

इथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडच्या नेहमीच्या कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, आणि तो नक्की मरावा यासाठी अंडं आतपर्यंत एकाहत्तर अंशांना पोचायला हवं. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर ताम्पोपोचं ओलं आम्लेट बघायलाच ठेवावं. सुदैवाने एकाहत्तर आणि चिवट यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

ती जागा किती, हे मी एका रविवारी मोजून पाहिलं. दोन अंडी, दोन चिमटी मीठ, लहान पॅन, एक चमचा तेल. सुईसारखं टोक असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर आम्लेटाच्या घडीत खुपसला. वरचा भाग अजून चकचकीत ओला दिसत असताना घडी घातली आणि लगेच गॅस बंद केला, तेव्हा आत 66 अंश होते. पॅनमध्येच राहू दिलं. मिनिटभराने 72. बाहेरच्या थरांची उष्णता आत सरकत राहते, म्हणून गॅस बंद केल्यावरही शिजणं चालूच असतं. दुसऱ्या वेळी वरचा भाग कोरडा दिसेपर्यंत थांबले, घडी घातली: 83. पाच मिनिटांनी ताटात पाणी होतं. तेव्हापासून मी ‘झालं असं वाटलं की काढायचं’ सोडून ‘अजून थोडं व्हायचंय असं वाटलं की बंद करायचं’ असं करते.

मीठही तेव्हाच समजलं. अंडी फेटताना मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवली तर ती गडद केशरी आणि थोडी दाट दिसतात, कारण बलकातले प्रथिनांचे कण मिठाने विरघळतात. मिठामुळे दोरे एकमेकांना चिकटतात, पण कमी आवळून. आम्लेट मऊ राहतं, पाणी कमी सुटतं. शेवटी वरून मीठ भुरभुरण्याने हे होत नाही.

तिसरं आम्लेट आपल्या घरातलं म्हणावं असं आहे. 2014 च्या ‘द हंड्रेड-फूट जर्नी’मध्ये मुंबईचं कदम कुटुंब फ्रान्सच्या एका गावात, नामवंत फ्रेंच हॉटेलच्या बरोबर समोर, आपलं हॉटेल उघडतं. समोरच्या हॉटेलची मालकीण मादाम मॅलोरी स्वयंपाक्याची पारख आम्लेटावरून करते. कदमांच्या हसनचे हात भाजलेले आहेत, म्हणून तो सांगतो आणि ती हाताने करते. त्यात मसाला आणि कोथिंबीर पडते. ती एक घास घेते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते हेलन मिरेनने असं केलंय की मी ते दृश्य थांबवून पुन्हा बघते.

अस्सल फ्रेंच आम्लेट फिकं असतं, कुठेही तांबूस डाग नको. आपलं मसाला आम्लेट याच्या अगदी उलट, कडेला खरपूस हवं. तांबूसपणा हवा तर पृष्ठभागावरचं पाणी आधी उडायला हवं. पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभरच्या वर जात नाही, आणि प्रथिनं-साखरेतून तो भाजल्याचा वास भराभर यायला साधारण एकशे चाळीस अंश लागतात. मसाला आम्लेट मऊ आणि खरपूस एकदम होणं अवघड आहे ते याच कारणाने. त्यात आपण घालतो कांदा, टोमॅटो, मिरची, म्हणजे आणखी पाणी. चिरलेल्या टोमॅटोला मीठ लागलं की तो रस सोडतो. मसाला आणि अंडी एकत्र करून पंधरा मिनिटं ठेवली तर फेट पातळ होतो, दोरे एकमेकांपासून लांब जातात, आम्लेट उशिरा धरतं आणि उलटताना फाटतं.

म्हणून मिठाची युक्ती फक्त अंड्यांना लावायची. अंडी-मीठ आधी फेटून ठेवायचं. कांदा बारीक चिरून तेलावर मिनिटभर परतायचा, टोमॅटोच्या बिया आणि रस काढून टाकायचा, आणि हे सगळं तव्यावर ओतायच्या क्षणी फेटात घालायचं. कोथिंबीरही तेव्हाच.

तेल पुरेसं तापलंय का हे कानाने कळतं. फेटाचा एक थेंब टाकला की हलकी चर्र झाली पाहिजे आणि थेंब पांढरा होऊन लगेच धरला पाहिजे. तो आवाज म्हणजे पाण्याची तेलात होणारी वाफ. थेंब गप्प बसला तर तवा थंड आहे आणि अंडं धरायच्या आधीच धातूला चिकटेल. थेंब तडतडून क्षणात तांबूस झाला तर तवा फार तापलाय. लोणी वापरलं तर वेगळी खूण मिळते: त्यातलं पाणी उडताना फेस येतो, फेस बसला की अंडं ओतायची वेळ. तुपात पाणीच नसतं, म्हणून तुपाचा फेस येत नाही. तिथे थेंबावरच भरवसा ठेवावा लागतो.

आई बिडाच्या तव्यावर आम्लेट ओतल्यावर मोठी चर्र झाली की ज्योत बारीक करायची, आणि आवाज मंदावून जवळजवळ थांबला की उलथणं आत सरकवायची. घड्याळ कधी बघितलं नाही. आवाज मंदावतो, कारण तव्याला टेकलेल्या थरातलं सुटं पाणी संपत आलेलं असतं, आणि कडा खरपूस व्हायला लागतात त्या बरोबर त्याच क्षणी. ‘बिग नाइट’ची ती पाच मिनिटं पुन्हा बघाल तेव्हा आवाज थोडा वाढवून बघा. संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे स्वयंपाकघर स्पष्ट ऐकू येतं.